जोडीची नावं आणि बैलाचा कान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत व्याकरण शिकवत आणि सुट्टीत स्वतः कुळव धरत. म्हणून विषय असा निवडला की तो त्यांच्या दोन्ही कामांत बसावा. आपल्या जिल्ह्यात शेतकरी बैलांच्या जोडीला नावं कशी ठेवतो, ती यमकात का असतात, आणि यमकात असूनही औतामागून हाक मारली की नेमका एकच बैल कान कसा हलवतो, एवढंच मला आज बोलायचं आहे.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी सगळी याच जिल्ह्यात गेली. तेव्हा तो अहमदनगर होता आणि निवृत्तीनंतर अहिल्यानगर झाला. विम्याचे कागद भरताना बैलाची ओळख लिहावी लागे. रंग, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, दातांवरून वय आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक. आताच्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. नावाला रकाना नव्हता. पण शेतकरी दवाखान्यात यायचा तो नाव घेऊनच. ‘साहेब, राजानं कालपासून वैरण सोडलीय.’ बाहेर जाऊन बघावं तर झाडाखाली दोन खिल्लार उभे, दोन्ही पांढरेशुभ्र, दोघांची शिंगं सारखी मागं वळलेली. कोणता राजा, असं विचारलं की तो माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या दोन मुलांतला थोरला कोणता असं विचारलंय. मग बोट न दाखवता तो नुसती हाक मारायचा. एकाचा कान फिरायचा. तोच राजा.

हा कान माझ्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

आधी आपल्याकडची नावं कशी पडतात ते बघू. जुनी नावं डोळ्यांनी ठेवलेली आहेत. ढवळा म्हणजे पांढरा, त्याचा ढवळ्या. पोवळ्याच्या तांबूस रंगाचा तो पवळ्या. अंगावर ठिपके असले तर चित्र्या किंवा पाखऱ्या, हरणासारखा रंग असला तर हरण्या, कपाळावर चांद असला तर चांद्या. अकोले तालुक्यात, डांगी जनावरांच्या पट्ट्यात, हे अजून चालतं, कारण डांगीचं अंगच मुळी काळ्यापांढऱ्या आणि तांबड्या डागांचं. तिथं रंगांना पारा, मणेरा, शेवरा, बहाळा अशी स्वतंत्र नावं आहेत. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात ती बारक्या पोरांच्याही तोंडी असतात. दोन डांगी बैल कधी हुबेहूब एकसारखे सापडत नाहीत. तिथं रंगावरून नाव ठेवलं की ते जन्मभर पुरतं.

खाली श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडे आलात की खिल्लार लागतो, आणि खिल्लार विकत घेतानाच माणूस जोड बघून घेतो. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जोडीला जे मोल मिळतं ते दोन सुट्या बैलांच्या किमतींची बेरीज केली तरी मिळत नाही. उंची सारखी, शिंग सारखं, रंग सारखा, चाल सारखी, आणि जमलं तर दातही सारखे. दोन्ही आदत, नाहीतर दोन्ही चौसे. म्हणजे एवढे पैसे मोजायचे ते दोघांत फरक दिसू नये म्हणून. आता अशा जोडीला ढवळ्या-पवळ्या नावं ठेवून भागेल का? दोघेही ढवळेच आहेत! डोळ्यांनी वेगळं करायची सोय आपणच पैसे देऊन घालवली, तेव्हा वेगळेपणाचा सगळा भार नावाच्या आवाजावर येतो. सर्जा-राजा, सोन्या-मोन्या, हिरा-मोती ही रंगाशी संबंध नसलेली नावं अशा जोड्यांना शोभतात ती त्यामुळे.

बैलाला औताला जुंपलं की शेतकरी त्याच्या बरोबर मागं असतो. गाय-बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता सुमारे ३३० अंशांतलं दिसतं. जे दिसत नाही ते थेट शेपटीमागचं. कुळवामागून चालणारा माणूस नेमका त्याच फटीत किंवा तिच्या कडेला असतो, आणि जुवात अडकलेली मान फार वळत नाही. म्हणजे आपण माणसामाणसांत ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघतो, हात करतो, ते इथं फुकट. हातात कासरा असतो, पण कासऱ्यानं वळवता येतं आणि थांबवता येतं. ‘तू जरा ओढ, तो ठीक आहे’ हे सांगता येत नाही. चाबूक एकाच्या पाठीवर वाजला तरी दचकतात दोघेही. एकाशीच बोलायचं असेल तर उरलं नाव.

आणि एकाशीच बोलायची वेळ सतत येते. दोन बैल सारख्या ताकदीचे क्वचितच असतात. एक पुढं घालतो, दुसरा मागं पडतो, जू तिरपं होतं. जू तिरपं झालं की पुढच्याच्या खांद्यावर ते एका कडेनं घासतं, आणि असंच आठवडाभर चाललं तर खांदा सुजतो. दवाखान्यात येणारे सुजलेल्या खांद्याचे बैल मी कायम बघितले, आणि त्यांतले कित्येक आळशी बैल नव्हते, कष्टाळूच होते. जाणता शेतकरी यावर दोन उपाय करतो. एक म्हणजे औताची दांडी जुवाच्या मध्यावर न बांधता थोडी दमदार बैलाकडं सरकवून बांधतो. मग दुबळ्याच्या बाजूचं जू लांब होतं आणि त्याला तेच ओझं कमी जोरात पेलतं. दुसरा उपाय म्हणजे मागं पडणाऱ्याला वेळीच नावानं हाक. वेळीच म्हणजे जू तिरपं व्हायच्या आत. त्या हाकेनं जर दोघेही पुढं सरकले, तर तिरपेपणा होता तेवढाच राहिला आणि औत मात्र धक्क्यानं उचललं गेलं. पाभर हाती असेल तर तेवढ्या जागी दाणा उथळ पडतो आणि उगवणीत ती जागा दिसते.

आता आवाजाकडे येऊ. आपल्या बैलांच्या नावांची घडण बघा. कागदावर राजा, हिरा, मोती. तोंडात राज्या, हिऱ्या, मोत्या. शेवट ‘या’नं, आणि हाकेत तो ‘या’ लांबतो: राज्याऽऽ. जोडीतल्या दोन्ही नावांचा शेवट एक, अक्षरं तेवढीच, मात्रा तेवढ्याच. यमकाचं हे काम बैलासाठी नाही, माणसाच्या तोंडासाठी आहे. दिवसभर चालताना, श्वास लागलेला असताना, हाक मारायची असते. दोन्ही नावं एकाच ठेक्यात बसली की जीभ अडखळत नाही. हा ठेका पावलांच्या ठेक्यातही मिसळतो. पूर्वी मोटेवर हे फार स्पष्ट दिसायचं. बैल धावेवरून उतरताना मोटकरी नाड्यावर बसायचा, मोट थारोळ्यात उपडी व्हायची, आणि मग बैलांना मागं मागं विहिरीकडे न्यायचं. मागं चालताना बैल तिरका जातो. त्याला नावानं सरळ करत, पुन्हा ठेका धरत, पहाटेपासून तेच. नावं एका मापाची नसती तर हे तोंडाला जड झालं असतं.

यमकानं शेवट सारखा केला, म्हणजे ओळख पटवायचं काम सुरुवातीवर आलं. नावाचं डोकं वेगळं हवं. पण किती वेगळं?

मोठ्यानं ओरडताना काय होतं हे तुम्ही सगळे जाणता, फक्त त्याकडे लक्ष दिलेलं नसतं. ओरडल्यानं स्वर मोठा होतो, व्यंजन तेवढं मोठं होत नाही. ‘आ’ हवा तेवढा ताणता येतो, ‘प’ ताणता येत नाही. तो ओठ उघडताच संपतो. वारा असला, अंतर असलं, की आधी व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे पोचतात. बांधाच्या त्या टोकाला उभ्या पोराला ‘भाकरी आण’ म्हणून ओरडलं की त्याच्यापर्यंत ‘आऽ-अ-ई’ असं काहीतरी पोचतं. बाकीचं तो वेळेवरून आणि आपल्या भुकेवरून ओळखतो. बैलाला अशी भर घालता येत नाही.

या कसोटीवर आपली सगळ्यात प्रसिद्ध जोडी घासून बघू. ढवळ्या-पवळ्या. पहिल्या व्यंजनाखेरीज दोन्ही नावं अक्षरशः एक आहेत. स्वर तेच, क्रम तोच, शेवट तोच. ढ आणि प यांत फरक मोठा आहे हे खरं. ढ छातीतून येतो, घोष आहे, जड आहे, प नुसता फुटतो. चार पावलांवर तो ऐकू येतो. पण वाऱ्यात दोन्हीचं ‘-वळ्याऽ’ होतं. माझं मत असं की कानासाठी ही जोडी आपल्याकडची सगळ्यात कच्ची आहे. ती टिकली ती डोळ्याच्या जोरावर, रंग वेगळे होते म्हणून, आणि म्हणीच्या जोरावर. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण ऐकत वाढलेल्या माणसाला दुसरी नावं सुचतच नाहीत.

सर्जा-राजाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. सर्जा हा मुळात सिंहाचा शब्द, भूषणानं तो शिवाजीमहाराजांना लावला. म्हणजे मानात दोघेही बरोबरीचे, कुणी कमी नाही. ठेकाही झकास. पण हाकेत काय होतं? सरज्याऽ आणि राज्याऽ. दोन्हींत ‘र’ आणि ‘ज्या’ आहेतच. फरक उरतो तो दोन गोष्टींचा: सर्जाच्या आरंभीचा ‘स’, आणि ऱ्हस्व ‘अ’ विरुद्ध दीर्घ ‘आ’. यांतला स्वराचा फरक घाईत पुसतो, कारण चिडलेला माणूस ‘साऽरज्या’ असंच ओरडतो. म्हणजे सगळी भिस्त त्या एका ‘स’वर.

आणि इथं बैलाचा कान आपल्या मदतीला येतो. अमेरिकेतले रिकी आणि हेन्री हेफनर या संशोधकांनी १९८३ साली गाईगुरांची श्रवणशक्ती मोजून प्रसिद्ध केली. गाय सेकंदाला सुमारे २३ कंपनांपासून ३५ हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकते आणि तिचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो आठ हजारांच्या आसपास. माणसाचा कान दोन ते चार हजारांच्या टापूत तीक्ष्ण, आणि वीस हजारांच्या पुढे आपल्याला काहीच नाही. आता ‘स’चा सीत्कार हा बराचसा चार-पाच हजारांच्या वरचाच असतो. म्हणजे जो ‘स’ आपल्याला बारीक वाटतो तो बैलाला चांगला धारदार ऐकू येत असणार. शांत रानात, तीन-चार पावलांवरून, ‘सर्जा’ म्हटल्याबरोबर पहिल्याच आवाजाला सर्जाला कळत असणार की हे आपलं. हा माझा तर्क आहे, हेफनरांनी बैलांच्या नावांचा अभ्यास केलेला नाही. पण आपले लोक चुचकारताना ‘च्च च्च’ करतात, त्या आवाजाचाही बराच भाग उंच टापूतला असावा, असं मला वाटतं.

मग हा ‘स’ बुडतो कुठं? घुंगरमाळेत. बारीक घुंगरांचा आवाजही उंचच असतो. दोघांच्या गळ्यात घुंगरमाळा असल्या की चालताना सतत एक खळखळ बैलाच्या कानाशीच चालू राहते, आणि ती नेमकी ‘स’च्या टापूत. ‘आ’ आणि ‘ओ’ तिच्या खालून सुखरूप जातात, ‘स’ जात नाही.

याचं जिवंत उदाहरण बघायचं तर ऊस गळिताच्या दिवसांत कुठल्याही कारखान्याच्या आवारात रात्री जाऊन उभं राहावं. सहकारी साखर कारखानदारी आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी सुरू झाली, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या टोळ्या अजूनही बैल घेऊन उसाला जातात. टायरगाडीवर ऊस वरपर्यंत रचलेला, काट्यावर वजनासाठी रांग, पलीकडे गव्हाणीचा घरघराट, मागं ट्रॅक्टरवर गाणी. गाडीवान उसाच्या ढिगाऱ्यावर किंवा जुवाजवळ पुढं बसलेला. रांग दोन गाड्यांएवढी सरकली की भरलेली गाडी उभ्या जागेवरून हलवायची, आणि चाक चिखलात रुतलेलं असतं. हा क्षण अवघड असतो. दोघांनी एकदम जोर लावला तर गाडी निघते. एकानं आधी लावला तर तो एकटा पूर्ण ओझ्याला भिडतो, घसरतो, गुडघ्यावर येतो, आणि दुसऱ्या खेपेला जोर लावायला घाबरतो.

एका गाडीवानाकडे मी हे नीट बघितलं. त्याची जोडी सर्जा आणि राजाच. सर्जा चार वर्षांचा जुना, राजा त्या हंगामातच घेतलेला, नुकताच जुळलेला, म्हणजे आठही दात आलेला पण गाडीचा अनुभव कमी. ‘राज्याऽ’ म्हटलं की दोघेही ओढायला बघत, आणि सर्जा अनुभवी असल्यामुळे आधी भिडे. म्हणजे ज्याला बोलवायचं तो राहायचा बाजूला आणि न बोलावलेलाच अंगावर ओझं घ्यायचा. गाडीवानानं घुंगरमाळ काढून बघितली. दिवसा थोडा फरक पडला, रात्री आवारात नाही. मग त्यानं कुणाला न विचारता एक केलं: नव्या बैलाला ‘भोऱ्या’ म्हणायला लागला. ‘ओ’ स्वर, आरंभी जड ‘भ’, शेवट मात्र तोच ‘या’. चारा टाकताना, पाणी दाखवताना, अंग चोळताना भोऱ्या. आणि गाडी हलवताना आधी ‘भोऱ्याऽ’, एक श्वास थांबून ‘सर्ज्याऽ’, मग ‘हैक’. दोन-तीन आठवड्यांत नवा बैल आधी पाय रोवायला लागला. विचारल्यावर गाडीवान म्हणाला, ‘नाव पोळ्याला राजाच लिहिणार की, अंगावर रंगानं. हे कामाचं नाव.’

कामाचं नाव आणि पोळ्याचं नाव हा भेद त्यानं सहज केला. मला वाटतं तो सगळीकडे आहे, आपण फक्त पोळ्याची नावं लिहून ठेवतो म्हणून कामाची नावं दिसत नाहीत.

आपल्या यमकाच्या उलट पद्धतही जगात आहे आणि ती कळली तर आपली जास्त कळते. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्याही पुढे बैलांनी नांगरट चाले. तिथल्या जोड्यांची नावं हॉक-फेझंट, क्विक-निंबल, पर्ट-लाइव्हली अशी. अर्थाची जोडी आहे; क्विक म्हणजे चपळ आणि निंबल म्हणजेही चपळच. पण यमक नाही, आणि लांबी मुद्दाम वेगळी ठेवलेली. डाव्या बैलाचं नाव एका ठोक्याचं, उजव्याचं दोन ठोक्यांचं. बैलानं अक्षर ओळखायचं नाही, नुसती लांबी मोजली तरी भागतं. वाऱ्यातसुद्धा एक ठोका आणि दोन ठोके वेगळे राहतात. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ही रीत आपल्यापेक्षा सरस आहे हे मी मान्य करतो. आपण लांबी एक ठेवली, ठेका राखला आणि फरक नावाच्या सुरुवातीवर टाकला. आपल्या रीतीत गोडवा जास्त, पण निवड चुकली तर माफी नाही.

मग चांगली निवड कोणती? शेवट एक आणि पहिला स्वर दूरचा. मराठीत एकमेकांपासून सगळ्यात दूरचे स्वर म्हणजे ‘ई’, ‘आ’ आणि ‘ओ’-‘ऊ’. हिऱ्या-मोत्या घ्या: ई आणि ओ. मात्रा सारख्या, शेवट सारखा, आणि पहिला स्वर एक अगदी बारीक, एक अगदी गोल. प्रेमचंदांनी १९३१ साली दोन बैलांची गोष्ट लिहिली तेव्हा त्यांच्या बैलांची नावंही हीरा-मोतीच होती. कथाकाराचा कान पक्का म्हणायचा. आपल्याकडे या जोडीची एकच अडचण आहे. मोत्या म्हटलं की वस्तीवरचा कुत्रा धावत येतो, आणि कधी शेजारच्या वस्तीवरचाही. सोन्या-राज्या चांगली, ओ आणि आ. सोन्या-मोन्या नको. ऐकायला लाडिक, पण दोन्हींत ओ, दोन्हींत न, फरक फक्त स आणि म चा, म्हणजे ढवळ्या-पवळ्याचंच दुखणं. शिवाय घरात एखादं पोर सोन्या असतंच. आईनं जेवायला हाक मारली की गोठ्यातला कान हलतो आणि बैलाला दटावलं की पोर रुसतं. जुन्या घरांत तर आणखी एक भानगड होती: बैलाचं नाव राम ठेवलं आणि सासऱ्यांचं नाव रामचंद्र असलं, तर सुनेनं त्या बैलाला हाक कशी मारायची? अशा घरातल्या बाया त्या बैलाला नुसतं ‘धाकला’ म्हणत. बैलालाही ते कळे. हे आणखी एक कामाचं नाव.

हुकुमांच्या आवाजाशी नाव टक्कर खाता कामा नये, हे मात्र फार थोडे लोक बघतात. आपल्याकडे थांबवायला ‘होऽ’, हाकायला ‘हैक’, वळवायला ‘फिर’, असं साधारणपणे म्हणतात. गावोगाव थोडा फरक पडतो. नावाच्या आरंभी ‘हो’ आला की बैल नावालाच थांबायला बघतो. तुमच्या गावात जे हुकूम असतील ते आधी म्हणून बघा आणि मग नाव शोधा.

बैलाला नाव कळलंय की नाही हे कसं ओळखायचं? पुष्कळ लोक म्हणतात, माझा बैल नाव ओळखतो, आणि खरं म्हणजे तो ओळखतो मालकाचा सूर. खोडकर बैलाचं नाव आपण नेहमी रागानं घेतो, गरीब बैलाचं मायेनं. बैल राग आणि माया ओळखायला शिकतो, नाव बाजूलाच राहतं. परीक्षा सोपी आहे. दोघंही दावणीला शांत रवंथ करत असताना मागच्या बाजूला, दिसणार नाही असं उभं राहा. हातात वैरण नको, पाटी नको, तिचा आवाजही नको. एकाच सुरात, आवाज न चढवता, एक नाव घ्या. थोडं थांबून पुन्हा तेच, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. आलटून-पालटून घेऊ नका, कारण पाळी बैलालाही कळते. फक्त कान बघा. हाकेबरोबर त्याच एकाचा कान मागं वळला आणि शेजाऱ्याचा जागीच राहिला तर नाव कळलंय. दोघांचेही कान वळले तर तुमचा आवाज कळलाय, नाव नाही. मान वळण्याची वाट पाहू नका, मान उशिरा वळते आणि एकाची वळली की दुसराही बघतो.

नाव शिकवायचं तेही याच जागी, औतावर नाही. गोऱ्हा असतानाच, वेसण घालायच्याही आधी, पाणी दाखवताना एकेकाला एकेक नाव. दोघांना एकदम ‘सर्जा-राजा’ म्हणून पाणी दाखवाल तर ते दोघेही आपलं नाव ‘सर्जाराजा’ असंच समजतील, आणि यात बैलाची चूक नाही. पुढे जुवाला धरताना नव्याला जाणत्या बैलाशेजारी धरतात, ओंडका ओढायला लावतात. तेव्हा बाजू एकदा ठरली की बदलू नये. बाजू, नाव आणि जोडीदार या तीन खुणा एकमेकांना धरून असतात. एक बैल दगावला किंवा विकला गेला आणि राहिलेल्याला दुसऱ्या बाजूला जुंपलं, तर तो नाव ऐकूनही गोंधळतो. अशा वेळी नवीन बैलाला गेलेल्याचं नाव द्यायचा मोह होतो, ठेका मोडू नये म्हणून. माझा सल्ला, देऊ नका. राहिलेला बैल कित्येक वर्षं ते नाव ऐकलं की आपलं काम सोडून शेजाऱ्याच्या ओढीची वाट बघायला शिकलेला असतो. त्याच्या कानात ते नाव दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

शर्यतीच्या बैलांचं थोडक्यात सांगतो आणि संपवतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हापासून बैलांची नावं पुन्हा भोंग्यावरून गाजतात, पण ती नावं घाटातल्या माणसांनी ऐकायची असतात. धावत्या बैलाला त्या गोंगाटात नाव ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. ती मालकाची जाहिरात आहे. माझा विषय औतावरच्या नावांचा होता.

ट्रॅक्टर आल्यापासून आपल्या गावात आता जेमतेम काही दावणी उरल्या आहेत. म्हणून एक विनंती. यंदा पोळ्याच्या दिवशी वेशीत बैल उभे राहतील तेव्हा शाळेतल्या मुलांनी वही घेऊन फिरावं. प्रत्येक जोडीची पोळ्याची नावं लिहावीत, आणि त्याखाली मालकाला विचारून कामाची नावं, डावा कोणता, उजवा कोणता, आणि गावातले थांबायचे-हाकायचे शब्द. ती वही इथल्या वाचनालयात जमा करावी. विम्याच्या कागदावर नावाला रकाना नाही. वहीत तेवढा एक रकाना आखून घ्या.